अकरा नंबरची बाटली

चौदा बाटल्यांपैकी तेरा बाटल्या शहाण्यासारख्या वागल्या. अकरा नंबरची मात्र वागली नाही.

गावातल्या विहिरी, बोअर आणि हापसे मिळून पाण्याच्या चौदा जागा होत्या. त्यांतल्या तेरांचं नायट्रेट अठरा ते चव्वेचाळीसच्या आत होतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, त्यावर नाही. म्हणजे गाव काठावरून का होईना, पास होत होतं. आणि अकरा नंबर, खालच्या वस्तीतला हापसा, तीनशे बारा! धम्मशीलानं आधी यंत्राकडे संशयानं पाहिलं, मग स्वतःकडे. नमुना शुद्ध पाण्यानं पातळ करून पुन्हा मोजला, जितका पातळ केला तितक्या पटीनं आकडा गुणला. पुन्हा तेवढंच आलं.

धम्मशीला खामगावच्या एका कॉलेजातल्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत केमिस्ट होती. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, दोन यंत्रं, नेहमी ठिबकणारा नळ आणि शरच्चंद्र सर. सर संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते, पण घरी बसणं त्यांना जमलं नाही. पिंपळगाव राजाच्या पलीकडच्या या गावातल्या पाण्याचा अभ्यास त्यांनीच हाती घेतला होता. धम्मशीला त्यांची जुनी विद्यार्थिनी. सर वर्गात एक गोष्ट इतक्यांदा सांगायचे, की मागच्या बाकावरची पोरं त्यांच्यासोबत ओठ हलवायची: "आकडा लांब पडला म्हणून टाकायचा नाही. तो चुकला कसा, हे सापडलं तरच टाकायचा. आणि टाकला, तर सांगून टाकायचा."

तेच सर आता टेबलावरचा कागद चष्म्याखालून पाहत होते.

"हा वगळावा लागेल," ते म्हणाले.

"सर!"

"ओरडू नकोस. चाचणी लावून बघ, बाकीच्यांत हा बसतच नाही."

"बसत नाही एवढंच चाचणी सांगते, सर. चुकलाय असं नाही सांगत. तुम्हीच शिकवलंय."

सर हसले, पण मनापासून नाही. आपलंच शस्त्र आपल्यावर उगारलेलं पाहून जसं माणूस हसतो, तसं. मग त्यांनी हिशेब मांडला. अकरा नंबर सोडला तर गावाची सरासरी एकतीस. धरला तर एक्कावन्न. एका बाटलीनं अख्खं गाव नापास होत होतं. "उद्या लोक म्हणतील, एका हापशापायी तुम्ही सगळ्या गावाची अब्रू घालवली."

"पण सरासरी पाणी पितं कोण, सर? जो तो आपापल्या हापशाचं पितो."

सरांनी विहंगला बोलावलं.

विहंग नमुने गोळा करायचा. पोरगा कामाचा, फक्त बोलता बोलता काम करायचा आणि काम करता करता विसरायचा. बाटल्या दोन तऱ्हेच्या असत. निळ्या झाकणाच्या साध्या. लाल झाकणाच्या बाटल्यांत धातू तपासायला लागतं म्हणून आधीच थोडं नायट्रिक आम्ल घातलेलं असे. लाल बाटलीत नायट्रेटचा नमुना घेणं म्हणजे मिठाच्या डब्यात हात घालून मग भाजी खारट लागते म्हणून कुरकुरणं.

"अकरा नंबर कोणत्या बाटलीत घेतला होता?" सरांनी विचारलं.

विहंगनं मान खाजवली. "निळ्या संपल्या होत्या, सर. एक लाल होती, ती धुऊन घेतली. चांगली तीनदा धुतली, सर. हापशाच्याच पाण्यानं."

सरांनी कागद टेबलावर ठेवला.

"सापडलं," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटका होती. "आता हे वगळणं नुसतं चालण्यासारखं नाही, योग्यच आहे. अहवालात लिही: नमुना अकरा वगळला, बाटलीत आधीचं आम्ल राहिलं असण्याची शक्यता, नमुना पुन्हा घ्यावा. झालं. लपवाछपवी नाही."

धम्मशीलाच्याही जिवात जीव आला, हे खोटं कशाला सांगा? तीनशे बारा खरा नसावा असं तिला मनापासून वाटत होतं. कारण नमुने घेण्याआधी, जागा ठरवायच्या फेरीला ती स्वतः विहंगसोबत त्या वस्तीत गेली होती, आणि हापशाच्या समोरच्याच घरात तिनं चहा घेतला होता.

ते घर तानाबाईचं. "जय भीम" झालं, खाट टाकली गेली, आणि तानाबाईनं बघता बघता धम्मशीलाचं आजोळ शोधून काढून तिला नात्यात ओढलं. आत तानाबाईची सून मयुरी मांडीवर पोट्टीला घेऊन बसली होती. जेमतेम तीन महिन्यांची असेल. बाळंतपणानंतर मयुरीला ताप येऊन तिचं दूध आटलं होतं, म्हणून पोरीला डब्यातली पावडर पाण्यात कालवून पाजत होते.

"पाणी मात्र तसंच नाई देत बरं," तानाबाई अभिमानानं म्हणाली होती. "आशाताईनं सांगतलं तसं मस्त खळखळ उकळून देतो. अर्धं आटू देतो." ती पातेलं उचलून दाखवत होती, आणि धम्मशीलानं "छान करता, मावशी" म्हटलं होतं. तेव्हा तिला हापशाच्या पाण्याचं काही ठाऊक नव्हतं.

आता ठाऊक होतं. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच उरतं, म्हणजे दर घोटाला वाढतं. आणि बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या लेकराच्या रक्ताला तेच सगळ्यात वाईट. रक्त श्वास वाहून न्यायचं विसरतं, आणि लेकरू निळं पडतं.

म्हणून 'शक्यता' हा शब्द लिहिताना तिचा हात अडला. शक्यता म्हणजे काही कारण नव्हे. ती उठली आणि अकरा नंबरच्या बाटलीत उरलेलं पाणी घेऊन बसली.

डोकं साधं चाललं तर गोष्ट साधी होती. एवढं नायट्रेट आम्लातून आलं असेल, तर त्या आम्लानं पाण्यावर खूण सोडलीच पाहिजे. पाणी आंबट झालं असेल. झालं नसेलच, तर पाण्यातल्या क्षारांनी ते आम्ल मारलं असेल, आणि मारता मारता ते क्षार स्वतः खर्ची पडले असतील. तिनं पीएच पाहिला: सात पूर्णांक चार. आंबटपणाचा मागमूस नाही. क्षारता पाहिली: शेजारच्या विहिरींइतकीच, काही खर्ची पडलेलं नाही. मग तिनं क्लोराइड पाहिलं, आणि तिथं तिचा धीर सुटला. क्लोराइड बाकीच्यांच्या चौपट होतं. नायट्रिक आम्लात क्लोराइड नसतं. ते येतं संडासाच्या शोषखड्ड्यांतून, गोठ्यांतून, सांडपाण्यातून. वस्ती उतारावर, वरच्या अख्ख्या गावाचं पाणी मुरत मुरत तिकडेच जाणार. जमिनीखालीसुद्धा खालच्यांच्या वाट्याला वरच्यांचं येतं, याचा तिला त्या क्षणी भयंकर राग आला.

"बाटली निर्दोष आहे, सर," ती म्हणाली.

सरांनी तिन्ही आकडे पाहिले. माणूस हट्टी होता, पण लबाड नव्हता. "म्हणजे वगळायचं कारण गेलं," ते हळूच म्हणाले. "ठीक. नाही वगळायचं. पण लाल बाटलीत घेतलेला एकच नमुना घेऊन मी जगापुढे जाणार नाही. पुन्हा घेऊ. नव्या बाटल्या, वेगवेगळे दिवस, सोबत एक शुद्ध पाण्याची कोरी बाटली. आणि तोवर..." त्यांनी बोट उचललं. "तोवर हा आकडा या खोलीबाहेर जाणार नाही."

"वस्तीला तरी..."

"वस्तीला तर मुळीच नाही! तुला माहीत नाही. मागं एका गावात आम्ही विहीर वाईट म्हणून सांगून मोकळे झालो. नंतर कळलं, भांडंच घाण होतं. लोकांनी गावात पाऊल ठेवू दिलं नाही. पुढच्या वर्षी तिथंच खरोखर गॅस्ट्रो झाला, आम्ही घसा फोडून सांगितलं, कुणी ऐकलं नाही. आकडा एकदा खोटा पडला की पुढचे दहा खरे आकडे मातीत जातात."

यात खोटं काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत. शिवाय धम्मशीलाला वस्तीतली दुसरी गोष्टही माहीत होती. हापसा सोडला तर वस्तीला जवळचं पाणी म्हणजे वरच्या आळीतली विहीर, आणि त्या विहिरीवरून एकदा डोकी फुटली होती. आज जाऊन सांगायचं, की हापसा सोडा. बायका घागरी घेऊन वर जाणार, भांडण होणार, आणि मग आपण म्हणणार, माफ करा, बाटलीच चुकली होती? तिनं मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे पुण्याला गेले. "मी आल्यावरच नमुने घ्या, माझ्यासमोर," असं बजावून गेले. त्यात नायट्रेट मोजायचं रसायन संपत आलं होतं, ते नागपूरहून यायचं होतं. विहंगच्या घरी लग्न निघालं. प्रत्येक अडचण आपापल्या जागी रास्त होती. तानाबाईचा नंबर धम्मशीलाच्या फोनमध्ये होता. एकदा तर तिनं तो लावलाही, आणि पलीकडून "हॅलो, कोण?" ऐकल्यावर विचारलं, "मावशी, बरं आहे ना सगळं?"

"हाव माय, बरं हाये. पोट्टीले थोडी सर्दी हाये बस."

"दवाखान्यात न्या तिले."

"नेतो ना."

एवढंच. 'त्या पाण्यात पावडर कालवू नका' हे पाच शब्द जिभेवर आले आणि पद्धतीच्या धाकानं परत गेले. माणूस परीक्षेत कॉपी करायला घाबरतो तशी ती खरं बोलायला घाबरली. आणि मनात स्वतःला सांगत राहिली, की आठवडाभराचा तर प्रश्न आहे.

आठवड्याचा पंधरवडा झाला, आणखी काही दिवस गेले. सर आले, डोळ्यावर काळा चष्मा लावून. रसायन आलं. धम्मशीला आणि विहंग नव्या निळ्या झाकणाच्या बाटल्यांचा खोका घेऊन वस्तीत पोचले.

हापशावर कुणी नव्हतं. तानाबाईच्या अंगणात सतरंजी अंथरलेली, चार बायका गप्प बसलेल्या. बुद्धांच्या फोटोपुढे मेणबत्ती होती. धम्मशीलाला कुणी काही सांगायची गरज राहिली नाही. तरी तिनं विचारलं. कशाला विचारलं, देव जाणे.

"गेली ना माय," तानाबाई म्हणाली. "परवाच्या दिशी. सकाळी पाह्यलं तं ओठ निळे, नखं निळी. मले वाटलं थंडी वाजून राह्यली. गोधडीत गुंडाळली. ॲटोनं खामगावले नेऊन राह्यलो होतो, रस्त्यातच..." ती थांबली. "डॉक्टर म्हणे हृदयाले छेद असंन. जलमाचाच."

असेलही. धम्मशीलाच्या मनानं हा शब्द झडप घालून धरला: असेलही. एक लेकरू, एक मरण, तपासणी झालेली नाही, कारण सिद्ध नाही. मग तिलाच स्वतःची शिसारी आली.

विहंग बिचारा खोका घेऊन तसाच उभा. मयुरी आतल्या दारात बसली होती, भिंतीला टेकून. तिच्याजवळ ते पातेलं पालथं पडलेलं होतं.

"तुमच्या पाण्याचं काय झालं मंग?" तानाबाईनं विचारलं. विचारलं आपलं पाहुण्याला विचारावं तसंच. घरात दुःख असलं तरी आलेल्याची विचारपूस सुटत नाही.

धम्मशीला सतरंजीच्या कडेला बसली. "मावशी, हापशाचं पाणी चांगलं नाई निघालं. मोठ्यायले एकदम काही होत नाई. पण लहान लेकरायले ते लय वाईट."

"आज कळलं तुमाले?"

इथं एक खोटं बोलता आलं असतं. फार सोपं होतं, आणि ते कुणालाच सापडलं नसतं.

"नाई," ती म्हणाली. "मांगच कळलं. मी फोन केला होता ना तुमाले, तेव्हा मालूम होतं. नक्की कराचं होतं म्हणून थांबलो."

अंगणातल्या बायका तिच्याकडे पाहायला लागल्या. तानाबाई चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच पाहत राहिली, कोडं न सुटल्यासारखी.

"काऊन नाई सांगतलं मंग?" ती म्हणाली. "मी काय कोणाले पुरावा मांगतला असता? तू नुसतं म्हणाली असती, मावशी हे पाणी नको देऊ, तं मी नसतं देल्लं. वरून हातापाया पडून आणलं असतं एका पोट्टीपुरतं. घागर थोडी लागते तिले. एक तांब्या लागते."

एक तांब्या. धम्मशीलानं वस्तीच्या घागरी मोजल्या होत्या, भांडणं मोजली होती, सरांची अब्रू मोजली होती. एका तांब्याचा हिशेब तिच्या डोक्यात आलाच नव्हता.

"आमी तं उकळून देत होतो," आतून मयुरी म्हणाली. एवढंच ती बोलली.

त्यावर काय सांगायचं होतं ते धम्मशीलाला माहीत होतं, आणि ते तिनं सांगितलं नाही. निदान त्या दिवशी नाही.

विहंगनं हापसा बराच वेळ हापसून मग बाटल्या भरल्या. पुढेही दोनदा जाऊन भरल्या. कोरी बाटली कोरीच निघाली, म्हणजे बाटल्यांतून काही मिसळत नव्हतं. हापशाचे आकडे दोनशे अठ्ठ्याण्णव, तीनशे पाच, तीनशे नऊ आले. पहिली बाटली खरंच बोलत होती. धुतलेल्या लाल झाकणातूनही.

धम्मशीलानं अहवाल लिहिला. इतका नेटका अहवाल त्या खोलीतून कधी गेला नसेल. हापसा तिनं सरासरीत बुडवला नाही, त्याची ओळ वेगळी ठेवली. सरासरी दोन्ही दिल्या, त्याला धरून आणि त्याला सोडून, म्हणजे फरक कुणालाही दिसावा. त्याखाली लिहिलं, की नमुना अकरा वगळण्याचा विचार झाला होता. तो कशामुळे झाला. बाटलीची चूक काय होती आणि ती कुणाची. पीएच, क्षारता आणि क्लोराइड पाहिल्यावर तो विचार का सोडला. फेरनमुने काय बोलले. उकळल्यानं हे पाणी सुधारत नाही, उलट बिघडतं, हे ठळक अक्षरात. आणि शेवटी एक ओळ: 'पहिल्या तपासणीपासून फेरतपासणीपर्यंत हा आकडा वस्तीला कळवण्यात आला नाही. या काळात समोरच्या घरातील तीन महिन्यांची मुलगी याच पाण्यातले दूध पीत होती, ती वारली. मृत्यूचे कारण तपासले गेलेले नाही.'

सरांनी काळा चष्मा काढून ते वाचलं. डोळा अजून लाल होता.

"बाकी उत्तम," ते म्हणाले. "ही शेवटची ओळ मात्र निकालाचा भाग नाही. एक घटना आहे, संबंध सिद्ध नाही. आपल्या चौकटीत बसत नाही ही."

"हो, सर. बाकीच्यांत बसत नाही."

"तर वगळू."

"वगळा," धम्मशीला म्हणाली. "फक्त खाली का वगळलं ते लिहा."

सर पेन घेऊन बसले. एकदा लिहायला टेकवलं, उचललं. माणूस लबाड असता तर कारण चटकन सापडलं असतं. शेवटी त्यांनी त्या ओळीला हात न लावता खाली सही केली, आणि सही झाल्यावर टेबलावर कपाळ टेकवून बसले. धम्मशीलाला त्यांची कीव आली नाही. स्वतःचीही आली नाही.

अहवाल ग्रामसभेत वाचला गेला. ग्रामसेवकानं पहिलं पान वाचलं. गावाची सरासरी किती, कुणीतरी विचारलं. हापसा सोडून एकतीस, असं उत्तर मिळालं, आणि मांडवात बरं वाटल्याची कुजबूज झाली. पाणी पिण्याचं नाही अशी खूण म्हणून हापशाला लाल रंग द्यायचा ठराव झाला. वस्तीला नळ देण्याचा विषय पुढच्या सभेवर गेला. मग ग्रामसेवकानं पानं मिटली.

"शेवटची ओळ राहिली," मागून धम्मशीला म्हणाली.

"मॅडम, येळ कमी हाये."

ती पुढे गेली, त्याच्या हातून कागद घेतला आणि ती ओळ वाचली. मग ठळक अक्षरातली उकळण्याची ओळही वाचली, बायकांत बसलेल्या मयुरीकडे न पाहता. सरपंचांनी पुढचा विषय घेतला, स्मशानाच्या कुंपणाचा.

संध्याकाळी ती बसथांब्याकडे निघाली तेव्हा हापशाला रंग लागलेला होता. भडक लाल, अजून ओला. तानाबाई कळशी घेऊन आली. तिनं धम्मशीलाला पाहिलं, थांबली, आणि दांड्याला रंग लागू नये म्हणून पदराचं टोक हाताला गुंडाळलं.

"सैपाकाले पाणी नाई, माय," ती म्हणाली, आणि हापसायला लागली.